मध्येच थांबवता न येणारं काम

पुण्यात महापालिकेनं दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं ठरवलं की बहुतेक वेळा तो दिवस गुरुवार असतो, आणि शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबानं येईल, ही ओळही सूचनेत ठरलेलीच. देखभालीसाठी वीजही अनेक भागांत गुरुवारीच बंद ठेवतात. पार्लर चालवणाऱ्यांना हे पाठ असतं. तरीही नुकसान होतं, कारण दुकान अंधारात गेल्यानं जेवढं बुडतं त्याहून जास्त हातात घेतलेलं काम अर्धवट राहिल्यानं बुडतं.

थ्रेडिंग किंवा साधा हेअरकट उजेडावर होतो. स्मूदनिंगचं तसं नाही. पहिलं क्रीम केसांची अंतर्गत रचना सैल करतं. ते ठरलेल्या वेळी धुवावं लागतं, मग केस पूर्ण वाळवून स्ट्रेटनर फिरवायचा, न्यूट्रलायझर लावायचा आणि पुन्हा धुवायचं. म्हणजे दोनदा पाणी आणि मध्ये तास-दोन तास भरवशाची वीज. क्रीम जास्त वेळ राहिलं तर ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो. ही गिऱ्हाईक परत येत नाही, शिवाय चार मैत्रिणींना सांगते.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एक हिशेब करावा. 12 व्होल्ट, 150 ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1,800 वॅट-अवर असतात. प्रत्यक्षात साधारण 1,200 धरावेत. चार एलईडी दिवे, दोन पंखे आणि ट्रिमर मिळून सव्वादोनशे-अडीचशे वॅट होतात, तेव्हा चार-पाच तास निघतात. पण हेअर ड्रायर एकटाच 1,500 ते 2,000 वॅट खातो. 900 व्हीएचा इन्व्हर्टर तो चालू करताच बंद पडतो. गीझरचं तर नावच काढू नका.

पाण्याची गोष्ट आणखी फसवी. टाकी भरलेली असली तरी इमारतीत पाणी वर चढवणारा पंप विजेवर चालतो. वीज गेली, वरची टाकी रिकामी झाली की खालचं पाणी असून नसल्यासारखं. म्हणून बेसिनपेक्षा उंच, पक्क्या स्टँडवर नळ बसवलेला स्वतःचा दोनशे लिटरचा ड्रम हवा. एका वॉशला किती पाणी लागतं ते आपल्याच बेसिनखाली बादली ठेवून मोजावं. लांब केसांच्या दोन वॉशना चाळीस लिटर लागत असतील, तर तेवढं पाणी ड्रममध्ये दिसल्याशिवाय क्रीमचं झाकण उघडायचं नाही. क्रीम लावल्यावर वीज गेलीच, तर ती येण्याची वाट पाहू नये. गार पाण्यानं वेळेवर धुवावं, न्यूट्रलायझर लावून केस सुरक्षित करावेत. सरळपणा राहिला तर राहिला.

आता पैशांकडे येऊ. समजा, दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. भाडं 20,000, दोन मुलींचे पगार 28,000, वीज आणि किरकोळ 4,000. महिन्याला 52,000, कामाचे दिवस 26. म्हणजे शटर उघडो न उघडो, रोज 2,000 जातात. गुरुवारी एक 4,000चं स्मूदनिंग, हजार-हजारचे दोन रूट टचअप आणि दीड हजाराची किरकोळ कामं आहेत. सूचना येताच स्मूदनिंगवालीला ‘उद्या जमणार नाही’ असं कळवू नये. ‘ताई, बुधवारी सकाळी आठ की शनिवारी दुपारी तीन?’ असं विचारावं. दोन वेळा समोर ठेवल्या की बाई त्यातली एक निवडते. टचअपही शनिवारी न्यावेत. शुक्रवार सकाळ टाळावी, कारण पाण्याला जोर नसतो. असे 6,000 वाचतात, गुरुवारी फक्त दीड हजाराची कामं उरतात. तीही कमी वाटली तर सोमवारची साप्ताहिक सुट्टी त्या आठवड्यापुरती गुरुवारी घ्यावी. गुरुवारी केस न कापणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, ते यात सोयीचंच.

वीज खंडित होण्याचा मेसेज हवा असेल तर महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदलेला असला पाहिजे; भाड्याच्या गाळ्यात तो बहुधा मालकाचा असतो. आणि पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंट नंबरांसकट वहीतही लिहाव्यात, फोनची बॅटरी संपल्यावर त्याच कामाला येतात.

अचानक येणारी मोठी टाळेबंदी मात्र ड्रमनं भागत नाही. मार्च 2020मध्ये सलून बंद झाली. राज्यात 28 जूनला उघडली तेव्हा केस कापणं, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग यांनाच परवानगी होती, त्वचेशी संबंधित सेवांना नव्हती. तोवर अनेकांनी पॅकेजचे आगाऊ पैसे खर्चून टाकले होते. नवरीचा ॲडव्हान्स आणि पॅकेजची रक्कम सेवा देईपर्यंत गिऱ्हाइकाचीच असते. ती वेगळ्या खात्यात ठेवा, आणि दुकान आपल्याकडून बंद राहिलं तर तारीख पुढे मिळेल की पैसे परत, हे पावतीवरच लिहून द्या.