जलशीर्ष आणि मजलानिहाय पाण्याचा दाब

जलशीर्ष म्हणजे पाण्याचा दाब त्या दाबाइतक्या पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत व्यक्त करण्याची पद्धत. हे मीटरमध्ये मोजतात. पाणीपुरवठ्याच्या व्यवहारात त्यासाठी 'हेड' हा शब्द रूढ आहे. एखाद्या नळापाशी दहा मीटर हेड आहे असे म्हटले, तर त्या नळाला उभी नळी जोडल्यास पाणी तिच्यात दहा मीटर उंच चढून थांबेल, असा त्याचा अर्थ होतो. दाबमापीवर मात्र हाच दाब बहुधा बार किंवा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) या एककांत दिसतो. त्यामुळे इमारतीतील कोणत्या मजल्यावर किती दाब मिळेल हे ठरवताना या तीन एककांचे परस्पर रूपांतर करावे लागते.

== एककांचा संबंध ==

स्थिर पाण्यातील दाब p = ρgh या सूत्राने मिळतो. येथे ρ ही पाण्याची घनता (सुमारे १००० किग्रॅ प्रति घनमीटर), g हे गुरुत्वीय त्वरण (९.८१ मी/से²) आणि h ही पाण्याच्या मुक्त पृष्ठभागापासून खाली मोजलेली खोली होय. एक मीटर खोलीसाठी हा दाब ९,८१० पास्कल येतो. एक बार म्हणजे १,००,००० पास्कल. म्हणून एक बार म्हणजे सुमारे १०.२ मीटर जलशीर्ष. एक बार १४.५ पीएसआयइतका असल्याने एक पीएसआय साधारण ०.७० मीटरला समान ठरतो. उलट दिशेने पाहिल्यास एक मीटर जलशीर्ष म्हणजे ०.०९८ बार किंवा १.४२ पीएसआय.

तोंडी हिशेबासाठी बारच्या आकड्याला दहाने गुणून त्यात दोन टक्के मिळवले तरी पुरते, तर पीएसआयला ०.७ ने गुणल्यास मीटर मिळतात. भारतातील अनेक दाबमापींवर किग्रॅ प्रति चौरस सेंटिमीटर हेही माप असते. त्याचा एक अंश म्हणजे जवळजवळ नेमके दहा मीटर, त्यामुळे हिशेबाला ते सर्वांत सोयीचे पडते. नळजोडणीवरील दाबमापी वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो, म्हणून वातावरणाचा दाब वेगळा मिळवावा किंवा वजा करावा लागत नाही.

सूत्रात टाकीची धारणक्षमता किंवा नळाचा व्यास कोठेही येत नाही. समान पातळीपर्यंत भरलेली पाचशे लिटरची टाकी आणि पाच हजार लिटरची टाकी खालच्या नळाला सारखाच स्थिर दाब देतात. मोठी टाकी बसवून दाब वाढत नाही. वाढते ती पाणी पुरण्याची मुदत.

== गच्चीवरील टाकीचे उदाहरण ==

तळमजला आणि त्यावर सात मजले अशी इमारत घेऊ. प्रत्येक मजल्याची उंची तीन मीटर धरल्यास गच्ची तळमजल्याच्या जमिनीपासून २४ मीटरवर येते. टाकीचा तळ गच्चीपासून दोन मीटर उंच ओट्यावर आहे, म्हणजे एकूण २६ मीटरवर. टाकी जवळजवळ रिकामी असतानाचा, म्हणजे किमान दाब काढायचा असल्याने पाण्याची पातळी हीच धरली आहे. प्रत्येक मजल्यावरील नळ जमिनीपासून एक मीटर उंच आहे.

सातव्या मजल्याची जमीन २१ मीटरवर आणि तिथला नळ २२ मीटरवर. म्हणून तिथे उरतात २६ − २२ = ४ मीटर, म्हणजे ०.३९ बार. पुढे एकेक मजला खाली उतरताना तीन मीटर, म्हणजे सुमारे ०.२९ बार किंवा ४.३ पीएसआय यांची भर पडते.

| मजला | जलशीर्ष (मी) | बार | पीएसआय |
|---|---|---|---|
| सातवा | ४ | ०.३९ | ५.७ |
| पाचवा | १० | ०.९८ | १४.२ |
| तिसरा | १६ | १.५७ | २२.८ |
| पहिला | २२ | २.१६ | ३१.३ |
| तळमजला | २५ | २.४५ | ३५.६ |

शॉवर नळापेक्षा आणखी एक मीटर उंच असेल, तर सातव्या मजल्यावर त्याला तीनच मीटर मिळतात. एखाद्या उपकरणाच्या माहितीपत्रकात किमान ०.५ बार दाब मागितला असेल, तर त्याचे रूपांतर ५.१ मीटर होते. ते उपकरण या इमारतीत नळाच्या उंचीवर बसवल्यास सातव्या मजल्यावर नीट चालणार नाही. सहाव्यावर सात मीटर असल्याने चालू शकेल.

टाकी भरल्यावर पातळी दीड मीटर वर गेली, तर सातव्या मजल्यावरील दाब ४ वरून ५.५ मीटर होतो, म्हणजे सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. तळमजल्यावर हीच वाढ सहा टक्के असते. सकाळी बरा चालणारा शॉवर टाकी उतरू लागली की मंदावतो, ही तक्रार त्यामुळे वरच्या मजल्यावरच ऐकू येते.

== वाहत्या पाण्याचा दाब ==

वरील आकडे पाणी स्थिर असतानाचे आहेत. नळ उघडला की पाण्याच्या नळीशी होणाऱ्या घर्षणात आणि वळणे, व्हॉल्व्ह यांत काही शीर्ष खर्च होते. ही हानी प्रवाह दुप्पट झाला की साधारण चौपट होते. दीड मीटर हानी तळमजल्यावर जाणवणारही नाही, पण सातव्या मजल्यावर चारपैकी अडीच मीटरच शिल्लक राहतात. एकाच प्रकारच्या नळातून बाहेर पडणारे पाणी साधारणतः दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. त्यामुळे हानी सोडल्यास सातव्या मजल्यावर तळमजल्याच्या सुमारे ४० टक्केच प्रवाह मिळतो.

दोष शोधताना हाच फरक उपयोगी पडतो. प्रथम त्या मजल्याला जोडलेले सर्व नळ बंद करून दाबमापी वाचावा. वाचन गणिताशी जुळत असेल आणि नळ उघडताच ते फार खाली येत असेल, तर दोष उंचीचा नसून अरुंद, गंजलेल्या नळीचा किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हचा आहे. बंद असतानाच वाचन कमी असेल, तर त्याचे कारण अडथळा असू शकत नाही, कारण प्रवाहच नसताना घर्षणहानीही नसते. अशा वेळी गळती, त्याच नळवाहिनीवर इतरत्र चाललेला वापर, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा चुकीची धरलेली उंची तपासावी लागते.

== खालून येणारा पुरवठा ==

नगरपालिकेच्या वाहिनीतून थेट वर पाणी चढवताना हिशेब उलटा होतो: उंची मिळवायची नसून वजा करायची असते. तळमजल्यावर जमिनीच्या पातळीला १.५ बार वाचन असेल, तर ते १५.३ मीटर होते. तिसऱ्या मजल्यावरील नळ दहा मीटर उंच असल्याने तिथे ५.३ मीटर उरतात, आणि पाचव्या मजल्यावर, १६ मीटरवर, पाणी पोहोचतच नाही. भारत सरकारच्या पाणीपुरवठाविषयक मार्गदर्शिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत एकमजली इमारतींसाठी ७, दोन मजल्यांसाठी १२ आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर शिल्लक दाब सुचवला होता. त्याहून उंच इमारतींना जमिनीखालील टाकी, पंप आणि गच्चीवरील टाकी अशी व्यवस्था करावी लागते.

उंच मनोऱ्यांत अडचण दुसऱ्या टोकाला असते. गच्चीवरील एकाच टाकीतून ४० मजल्यांना पाणी दिल्यास तळाशी सुमारे १२० मीटर, म्हणजे जवळपास १२ बार दाब येईल. घरगुती नळ आणि गिझर यांना तो झेपत नाही. म्हणून अशा इमारतींत मजल्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला स्वतंत्र टाकी किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह देतात.