हुकूम चालत नव्हता, तिथलं सांगा

पुण्यात वानवडीपासून साळुंके विहारपर्यंत सकाळी फिरायला निघालं, की एखादे निवृत्त कर्नल भेटणं हे काही नवल नाही. कर्नल हुद्द्यावरचा अधिकारी साधारण 54व्या वर्षी निवृत्त होतो. मुलांची शिक्षणं संपलेली नसतात, गुडघे शाबूत असतात आणि दुपारी झोपायची सवय नसते. मग हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीची ‘ॲडमिन हेड’ची जाहिरात दिसते. बसगाड्या, कँटीन, पहारेकरी, साफसफाई, वीज, एसी, बसायच्या जागा, असा सगळा संसार सांभाळायचं काम. कर्नलसाहेबांना वाटतं, हे तर आपण आयुष्यभर केलं. आणि ते कव्हर लेटर लिहायला बसतात.

पहिला मसुदा बहुधा फसतो. लिहिता येत नाही म्हणून नव्हे. सैन्यात पत्रलेखनाची शिस्त इतकी कडक, की परिच्छेदांना क्रमांक, संदर्भांना क्रमांक, जोडपत्रांना क्रमांक. संक्षेपसुद्धा ठरलेले. हीच सवय अर्जात उतरते आणि तिशीतल्या एचआर मॅनेजरच्या हातात पडतं ते एक लष्करी टिपण. त्यातली निम्मी अक्षरं तिला कळत नाहीत. उरलेल्या निम्म्यात ‘कणखर नेतृत्व’, ‘निष्ठा’, ‘शिस्त’ असे शब्द असतात. ते खोटे नसतात, पण पडताळून पाहता येत नाहीत, आणि तिच्या टेबलावरच्या इतर अर्जांतही तेच असतात.

दुसरी चूक भाषांतराच्या उत्साहातून होते. कुणी तरी सल्ला देतं, की बटालियनचा कमांडिंग ऑफिसर म्हणजे आठशे माणसांचा सीईओच, तसंच लिहा. ऐकायला झकास, पण हिशेब जुळत नाही. कमांडिंग ऑफिसर माणसं निवडून आणत नाही, त्यांचा पगार ठरवत नाही, नफ्यातोट्याचं उत्तर देत नाही. शिवाय त्याच्या शब्दामागे 1950चा आर्मी ॲक्ट उभा असतो. कंपनीत मागे कुणी उभं नसतं. हाऊसकीपिंगचा सुपरवायझर कंत्राटदाराचा नोकर, सॉफ्टवेअरवाला इंजिनिअर दुसऱ्याच विभागाचा, आणि दोघांनाही ‘हे करा’ म्हटल्यावर ‘का?’ विचारायची मुभा. एचआर मॅनेजरच्या मनातली शंका नेमकी हीच असते: हे गृहस्थ हुकूम सोडतील आणि आठवड्यात तीन तक्रारी माझ्याकडे येतील.

या शंकेचं उत्तर रणांगणाच्या गोष्टींत नसतं. ते सैन्यातल्या अशा कामांत असतं, जिथे अधिकाऱ्याचा हुकूम चालतच नव्हता. अशी कामं पुष्कळ असतात, फक्त ती पराक्रमात मोजायची सवय नसते.

एक नमुना घेऊ. माणूस आणि आकडे कल्पित आहेत, कामाची रीत खरी. कर्नलसाहेबांची शेवटची नेमणूक एका स्टेशनवर ॲडम कमांडंट म्हणून होती. हे पद म्हणजे छावणीचा कारभारी. क्वार्टर कुणाला द्यायचं, पाणी किती वेळ सोडायचं, सफाईचं कंत्राट, भटकी कुत्री, अतिक्रमण, सगळं त्याच्या दारात येतं. पण नळ दुरुस्त करणारी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस, त्याच्या हाताखाली नसते. गॅरिसन इंजिनिअरचे वरिष्ठ वेगळे, पैशाचं खातं वेगळं. कॅन्टोन्मेंट बोर्डाचा मुख्याधिकारी तर नागरी सेवेतला. कर्नल असलात तरी इथे चहा पाजून, कागद पुढे सरकवून, पाठपुरावा करूनच काम होतं.

पहिल्या मसुद्यात या दोन वर्षांबद्दल एकच ओळ होती: ‘स्टेशनच्या प्रशासनाची सर्वांगीण जबाबदारी यशस्वीपणे पार पाडली.’ खोदून विचारल्यावर खरी गोष्ट निघाली. 600 क्वार्टरांच्या तक्रारी एमईएसच्या इन्क्वायरीतल्या वहीत नोंदल्या जात आणि गळका नळ दुरुस्त व्हायला सरासरी नऊ दिवस लागत. साहेबांनी तीन महिन्यांच्या नोंदी चाळल्या. बहुतेक तक्रारी वॉशर, फ्यूज, फ्लश अशा किरकोळ होत्या, पण त्या छताच्या गळतीसारख्या मोठ्या कामांच्याच रांगेत अडकत. त्यांनी गॅरिसन इंजिनिअरला दोन वेगळ्या याद्या करायला राजी केलं. दर मंगळवारी वही समोर ठेवून अर्धा तास बसायचं ठरलं. सहा महिन्यांत किरकोळ कामं दोन दिवसांत होऊ लागली.

आता पत्रातला परिच्छेद असा झाला: ‘600 घरांच्या वसाहतीत दुरुस्तीचं काम माझ्या अधिकाराखाली नसलेल्या विभागाकडे होतं. तक्रारींची विभागणी आणि साप्ताहिक आढावा यांबाबत त्यांची संमती मिळवून किरकोळ दुरुस्तीचा कालावधी नऊ दिवसांवरून दोन दिवसांवर आणला.’ प्रत्यक्षात हे इंग्रजीत लिहिलं जाईल, पण मुद्दा तोच. यात ‘नेतृत्व’ हा शब्द कुठेच नाही, आणि गरजही नाही. एचआर मॅनेजरला कळतं, की हा माणूस व्हेंडरशी भांडण न करता काम करून घेतो.

शिस्तीचंही तसंच. ‘मी शिस्तप्रिय आहे’ या वाक्याने वाचणाऱ्याला फक्त वक्तशीरपणाची धास्ती वाटते. त्याऐवजी हँडिंग-टेकिंग ओव्हर आठवावं. पदभार देता-घेताना एकेक वस्तू मोजली जाते. लेजर बॅलन्स आणि ग्राउंड बॅलन्स जुळला नाही, तर फरक लिहून त्याचं कारण द्यावं लागतं, वेळ पडली तर चौकशी बसते. कंपनीत हेच काम लॅपटॉप, खुर्च्या आणि प्रवेशपत्रांच्या पडताळणीचं असतं, आणि ते पुष्कळदा ढिसाळ असतं. किती वस्तूंची मोजणी किती दिवसांत केली, किती तफावत निघाली आणि तिचं काय झालं, एवढं लिहिलं की शिस्त दिसते. आकडे देताना एक पथ्य मात्र हवं. घरं, खुर्च्या, गाड्यांच्या फेऱ्या चालतील. पलटणीचं ठिकाण, संख्याबळ, तैनाती लिहायची नाही. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट निवृत्तीनंतरही सुटत नाही.

जे येत नाही तेही एका वाक्यात कबूल करावं, असं माझं मत. ऑफिसच्या जागेचा भाडेकरार, दर खुर्चीमागचा महिन्याचा खर्च, कंत्राटी कामगारांच्या पीएफ-ईएसआयच्या चलनांची तपासणी, हे छावणीत त्याच रूपात क्वचितच वाट्याला येतं. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी नामांकित संस्थांत सुमारे सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम चालवतं. तो केला असेल तर ‘अभ्यासक्रम पूर्ण केला’ एवढ्यावर थांबू नये. त्यात यातलं काय शिकलो, ते लिहावं. सगळं येतं असा आव आणणाऱ्याची पहिल्या मुलाखतीत फजिती होते.

हुद्द्याचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न. तो वापरायचा हक्क आहे, आणि नावाखाली एकदा ‘कर्नल (निवृत्त)’ लिहिणं योग्यच. पण पत्रात चार वेळा आला, तर वाचणाऱ्याला सॅल्यूट ठोकावा की काय असं वाटू लागतं. तशा कंपन्यांत पंचविशीतली पोरंही साहेबांना नावानेच हाक मारतात.

पाठवण्याआधी मसुदा सैन्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी द्यावा आणि न कळलेल्या शब्दांभोवती गोल काढायला सांगावं. आपल्या कर्नलसाहेबांनी तो भाचीकडे दिला. ती बँकेत नोकरीला. पहिल्या पानावर अकरा गोल आले आणि शेवटचा होता ‘ॲडम कमांडंट’वर. ‘मामा, हे बायबलमधलं काही आहे का?’ मामांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं: वसाहत व्यवस्थापन प्रमुख.