रॅन्समवेअर : तुटलेली जोडणीच तारते तेव्हा

२०२२ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर नियंत्रण यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. नद्यांच्या पाणीपातळीच्या नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरवरील फायलींना .eking असे शेपूट लागले, त्या उघडेनाशा झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. प्रकरण पोलिसांच्या सायबर विभागाकडे गेले.

असे हल्लेखोर फायली पळवून नेतातच असे नाही. त्या जागच्या जागी कूटबद्ध केल्या जातात आणि किल्ली त्यांच्याकडे राहते. तत्पूर्वी हा प्रोग्राम विंडोजने आपोआप जपलेल्या जुन्या प्रती पुसतो आणि त्या संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क, नेटवर्कवरील प्रत्येक सामायिक फोल्डर धुंडाळतो. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली असेल, तर तीही त्याच्या दृष्टीने आणखी एक फोल्डरच! क्लाउडशी आपोआप जुळणारे फोल्डरही पुरेसे नाही. बिघडलेली फाईल ‘नवी’ समजून चांगल्या प्रतीच्या जागी चढवली जाते. सेवेने जुन्या आवृत्त्या राखल्या असतील, तरच त्या परत मिळू शकतात.

म्हणूनच तज्ज्ञ ‘ऑफलाइन’ या शब्दावर अडून बसतात. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने तिचे जगभरचे संगणक निकामी केले, मुंबईजवळच्या जेएनपीटीमधील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. खंडणीचा केवळ देखावा होता, पैसे भरूनही फायली सुटणार नव्हत्या. कोणाला कोणत्या यंत्रणेत प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांची प्रत जपत असत. पण सारे जोडलेले असल्याने एकाच वेळी गेले. वाचला तो घानामधला एक. तिथे वीज गेल्याने तो हल्ल्याच्या वेळी नेटवर्कबाहेर होता! त्याच प्रतीवरून कंपनीने पुन्हा उभारणी केली.

वीज जाण्याची वाट न पाहता हेच साधायचे, तर दोन बाह्य डिस्क आलटून पालटून वापराव्यात. एखादे कार्यालय दर शुक्रवारी प्रत घेऊन डिस्क काढून कपाटात ठेवत असेल आणि बुधवारी हल्ला झाला, तर सोमवारपासूनचेच काम जाते. मात्र शिरकाव आधीच होऊन शुक्रवारी डिस्क जोडलेली असतानाच कूटबद्धीकरण सुरू झाले, तर ती डिस्कही जाते. अशा वेळी आदल्या शुक्रवारची दुसरी डिस्क कामी येते. महिन्यातून एकदा तिच्यावरील दोन-चार फायली वेगळ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. प्रत निघाली म्हणजे ती वाचता येतेच, असे नव्हे.

सर्वाधिक घात होतो तो हल्ल्यानंतरच्या घाईत. फायली बिघडल्याचे दिसताच बॅकअपची डिस्क जोडली जाते आणि तीही हातची जाते. आधी नेटवर्कची केबल काढावी, वाय-फाय बंद करावे. संगणक पूर्ण पुसून यंत्रणा नव्याने बसवल्यावरच डिस्कला हात लावावा. हल्लेखोरांनी माहिती आधीच चोरली असेल, तर ती उघड करण्याच्या धमकीवर मात्र या डिस्ककडे उत्तर नाही.