सिंकिंग फंडाची एफडी कुठे आहे?

सोसायटीच्या निवडणुकीतलं भाषण बहुधा इमारतीखालच्या पार्किंगमध्येच होतं. उमेदवार उठतो, घसा खाकरतो आणि जाहीर करतो, "मला निवडून द्या, मेन्टेनन्सच्या पै न् पैचा हिशेब समोर ठेवीन!" टाळ्या पडतात. या आश्वासनात फुकटचं बरंच काही असतं, कारण महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला ३१ मार्चला वर्ष संपल्यावर हिशेबपत्रकं तयार करणं, ती लेखापरीक्षकाकडून तपासून घेणं आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडणं कायद्यानं भागच असतं. जे करायलाच हवं, ते करीन म्हणण्यात मोठेपणा कसला?

तरीही एखादं भाषण ऐकण्यासारखं असतं. ओळखायचं कसं? वक्ता ताळेबंद हातात घेऊन उभा राहिला, तर.

समजा, ठाण्यात चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे. दर महिन्याच्या बिलात सेवाशुल्क, पाणी, लिफ्ट, दुरुस्ती निधी अशा ओळी असतात आणि त्यांच्यातच एक ओळ सिंकिंग फंडाची. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. आदर्श उपविधींनुसार जमिनीची किंमत वगळून फ्लॅटचा जो बांधकाम खर्च येतो, त्याच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दर वर्षी या फंडात जमा व्हायला हवी. बांधकाम खर्च १२ लाख धरला, तर वर्षाचे ३,००० आणि महिन्याचे २५० रुपये. चाळीस घरांचे वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षांत १२ लाख, व्याज निराळं. इमारत म्हातारी होईल तेव्हाच्या मोठ्या कामासाठी हे पैसे राखून ठेवायचे असतात. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला असल्याशिवाय त्यांना हात लावायचा नसतो.

आता आपला उमेदवार सभेत दोन आकडे वाचून दाखवतो. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, म्हणजे निधी आणि देणी जिथे लिहितात तिथे, 'सिंकिंग फंड: १२ लाख'. उजव्या बाजूला गुंतवणुकीत 'मुदत ठेव: ७ लाख'. "काका, मधले पाच लाख कुठे गेले?" तो विचारतो.

हे पैसे कुणी खिशात घातलेत असं लगेच धरून चालू नये. उजव्या बाजूलाच आणखी खाली गेलं की उत्तर सापडतं: 'सभासदांकडून येणे: साडेचार लाख'. चार-पाच घरांनी वर्षानुवर्षं बिलं भरली नाहीत. वॉचमनचा पगार आणि लिफ्टचं वीजबिल मात्र थांबत नाही, म्हणून चालू खर्च भागवायला फंडाचे पैसे वापरले गेले. उरलेले पन्नास हजार बँकेतल्या चालू शिलकीत निघतात. बिल छापलं की ते उत्पन्नात धरलं जातं, म्हणून उत्पन्न-खर्च पत्रकात शिल्लकसुद्धा दिसते. कागदावर सोसायटी नफ्यात, बँकेत खडखडाट! लेखापरीक्षण झालेल्या हिशेबातही हे घडू शकतं, कारण बेरजा सगळ्या बरोबरच असतात.

इथे भाषणाची खरी कसोटी लागते. मागच्या रांगेतली कुणी वहिनी विचारते, "मग थकबाकी कशी वसूल करणार?" थकबाकीदारांच्या घरातही मतं असतात, म्हणून बरेच उमेदवार 'सामंजस्यानं' असं म्हणून पुढे सरकतात. तयारीचा माणूस टप्पे सांगतो: आधी नोटीस, थकबाकीवर उपविधींनुसार जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज, तरीही पैसे न आल्यास उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. वेळखाऊ आहे, शेजाऱ्याशी बोलणं तुटायची भीती आहे, हेही तो लपवत नाही.

एका माणसाच्या शब्दाला मर्यादा असते. शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीत समिती साधारण अकरा जणांची असते. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडणुकीनंतर समितीच आपल्यातून निवडते. त्यामुळे 'मी खजिनदार झालो की' हे वाक्य मत मागताना जरा उतावीळच. बहुमत विरोधात गेलं, तर दर महिन्याचं बँक स्टेटमेंट नोटीस बोर्डावर लावायचा त्याचा बेत पहिल्याच बैठकीत बारगळू शकतो.

पण काही गोष्टी त्याला निवडून यायच्या आधीही करता येतात. सभासद म्हणून तो हिशेबाची कागदपत्रं पाहायला मागू शकतो, शुल्क भरून प्रती घेऊ शकतो. लेखापरीक्षकानं काढलेल्या दोषांवर समितीला तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. मागच्या समितीनं तो दिला का, हे तो भाषणाआधीच विचारून आला असेल, तर चाळीस घरांपुढे बोलताना त्याच्या हातात त्या उत्तराची प्रत असते.