समोरासमोरच्या राशी : ओढही तिथेच, कसोटीही तिथेच

स्थळ बघताना मुलाची रास मेष आणि मुलीची तूळ निघाली की गुरुजी पंचांगातून मान वर करून म्हणतात, “समसप्तक आहे.” ऐकणाऱ्यांना बहुधा एवढेच कळते की काहीतरी चांगले आहे. पुढे तेच गुरुजी हलकेच सांगतात, “दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावे लागेल.” चांगले आहे तर सांभाळायचे काय, हा प्रश्न मात्र बैठकीत कोणी विचारत नाही.

राशिचक्रात बारा राशी आहेत. कोणत्याही राशीपासून, ती राशी धरून, सातवी मोजली की बरोबर समोरची राशी येते. मेषेसमोर तूळ, वृषभेसमोर वृश्चिक, मिथुनेसमोर धनू, कर्केसमोर मकर, सिंहेसमोर कुंभ आणि कन्येसमोर मीन. पूर्वेला मेष उगवत असते तेव्हा पश्चिमेला तूळ मावळत असते. पत्रिकेत पहिले स्थान स्वतःचे आणि सातवे जोडीदाराचे मानतात. शिवाय प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या स्थानाकडे पूर्ण दृष्टीने पाहतो, असा नियम आहे. म्हणून समोरची राशी ही पत्रिकेच्या रचनेतच ‘दुसऱ्या माणसाची’ जागा ठरते. ज्योतिषी ज्याला ओढ म्हणतात, तिचा पाया हा आहे.

मेष आणि तुळेच्या बाबतीत ही रचना फारच ठळक दिसते. मेषेचा स्वामी मंगळ आणि तुळेचा शुक्र. एकाकडे धडाडी, पुढाकार, रोखठोकपणा, तर दुसऱ्याकडे सौंदर्यदृष्टी, तडजोड, चारचौघांचा विचार. रवी मेषेत उच्चीचा आणि तुळेत नीचीचा, शनी नेमका उलट. ज्योतिष रवीला स्वत्वाचा आणि शनीला संयमाचा कारक मानते. म्हणजे एका राशीत जे फुलते तेच समोरच्या राशीत कोमेजते.

पण या दोघींत साम्यही आहे, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. दोन्ही चर राशी आहेत, त्यामुळे सुरुवात करणे, निर्णय घडवून आणणे हा दोन्हींचा स्वभाव मानतात. मेष अग्नितत्त्वाची आणि तूळ वायुतत्त्वाची, ही तत्त्वे एकमेकांना पूरक. घर घेण्याचा विषय निघाला, तर मेषेचा माणूस पहिल्याच भेटीत टोकन द्यायला निघेल. तुळेचा माणूस आणखी चार घरे बघेल, आईवडिलांना काय वाटते ते विचारेल. लग्नाआधी एकाला दुसऱ्याचा ठामपणा आवडलेला असतो आणि दुसऱ्याला त्याचा समंजसपणा. लग्नानंतर त्याच ठामपणाला हट्ट आणि समंजसपणाला चालढकल म्हटले जाते. गुण बदललेला नसतो, त्याच्यासोबत रोज राहावे लागते एवढेच. समसप्तकाला ज्योतिषी कसोटीची जोडी का म्हणतात, याचे उत्तर इथे मिळते.

गुणमेलनात या नात्याला खरोखर मान आहे. ३६ गुणांपैकी ७ गुण राशिकूटाचे, म्हणजे दोन चंद्रराशींमधल्या अंतराचे. षडाष्टक, द्विर्द्वादश आणि नवपंचम या अंतरांना सर्वसाधारण नियमाने तिथे शून्य मिळते, समसप्तकाला पूर्ण ७. मात्र काही जाणकार सिंह-कुंभ आणि कर्क-मकर या जोड्यांकडे सावधपणे पाहतात, कारण शनीचे रवी आणि चंद्राशी जमत नाही. मंगळ आणि शुक्र परस्परांना सम आहेत, म्हणून मेष-तुळेला ग्रहमैत्रीचे ५ पैकी ३ गुण मिळतात. दोस्ती नाही आणि वैरही नाही.

खरी गंमत नक्षत्रावर आल्यावर कळते. समजा, मुलाची मेष रास, अश्विनी नक्षत्र आणि मुलीची तूळ रास, स्वाती नक्षत्र. वर्णाचा १ गुण, तारेचा दीड, ग्रहमैत्रीचे ३. दोघांचा गण देव, म्हणून ६. राशिकूटाचे ७. आद्य आणि अंत्य अशा वेगळ्या नाड्या, म्हणून ८. योनीला मात्र शून्य, कारण अश्विनीची योनी अश्व, स्वातीची महिष आणि या दोघांचे वैर मानलेले आहे. वश्याचे गुण कोष्टकानुसार थोडे बदलतात, ते सोडले तरी बेरीज साडेसव्वीस होते. किमान १८ गुण हवेत, या रूढ अटीच्या हे बरेच पुढे आहे.

आता राशी त्याच ठेवून नक्षत्रे बदलली तर? मुलगा मेषेचाच, पण भरणीचा. मुलगी तुळेचीच, पण चित्राची. राशिकूट पूर्ववत ७, ग्रहमैत्री ३. पण दोघांची नाडी मध्य, म्हणून नाडीचे ८ गुण गेले. मनुष्य आणि राक्षस गण, म्हणून गणाचेही गुण गेले. हत्ती आणि वाघ या योनींचा जेमतेम एक गुण. वश्याचे दोन्ही गुण धरले तरी बेरीज अठरापर्यंत पोहोचत नाही. मेष आणि तूळ तीच, समसप्तक तेच, आणि एका जोडीला होकार तर दुसरीला नकार. नुसत्या राशी सांगून ‘तुमचे जमेल’ म्हणणारा माणूस किती थोडी माहिती वापरतो, ते यावरून दिसते.

वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. पाश्चात्त्य पद्धत जन्मवेळी सूर्य कोणत्या राशीत होता ते सायन गणिताने पाहते, आपली पत्रिका चंद्राची राशी निरयन गणिताने पाहते. दोन्ही गणितांत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे. अमिताभ बच्चन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४२ चा, जया बच्चन यांचा ९ एप्रिल १९४८ चा. पाश्चात्त्य पद्धतीने ही तूळ-मेषेची जोडी. निरयन गणिताने त्यांचा सूर्य अनुक्रमे कन्येत आणि मीनेत येतो, म्हणजे नाते समोरासमोरचेच राहते पण राशी बदलतात. आणि विवाहासाठी आपल्याकडे या सूर्यराशी पाहतच नाहीत.

हे सगळे प्रत्यक्षात तपासले गेले आहे का? मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी ४८३ विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या ताडून पाहिल्या, त्यात युतीबरोबर प्रतियोगही होते. सुरुवातीच्या गटात दिसलेला अनुकूल कल जोडपी वाढत गेली तसा विरत गेला. पुढे २००७ मध्ये डेव्हिड व्होआस या संशोधकाने इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतील सुमारे एक कोटी जोडप्यांच्या सूर्यराशी पाहिल्या. कोणत्याही राशीचे कोणत्याही राशीशी जास्त लग्न जुळते, असे आढळले नाही. एवढ्या संख्येत समोरच्या राशींची थोडी जरी ओढ असती तरी ती दिसली असती. ज्योतिषी यावर म्हणतात की एकट्या सूर्यराशीवरून विवाह ठरवतच नाहीत. ते म्हणणे त्यांच्या शास्त्राला धरून आहे, पण मग एकट्या राशीवरून एखादे स्थळ मोडणेही त्याच न्यायाने चूक ठरते.

तेव्हा घरात पत्रिका जुळवायच्याच असतील, तर नुसती बेरीज ऐकून उठू नका. आठही कूटांचे गुण वेगवेगळे मागा, कुठे शून्य आले आणि का आले ते विचारा. आणि घराचा, पैशाचा, आईवडिलांच्या जबाबदारीचा निर्णय कसा घ्यायचा, हे त्या दोघांना लग्नाआधी समोरासमोर बसून बोलू द्या.