नासाने राशी बदलल्या नाहीत

2016 मध्ये नासाच्या मुलांसाठीच्या पानावरून गहजब झाला. बॅबिलोनियन लोकांनी बारा राशी ठरवताना तेरावं तारकामंडळ, भुजंगधारी, वगळलं, एवढंच त्यात होतं. वाचकांनी अर्थ काढला: नासाने आपली रास बदलली!

नासाने पान उडवलं नाही, की ‘नीट वाचा’ म्हणून कुणाला झापलंही नाही. आम्ही राशी बदलल्या नाहीत, फक्त गणित मांडलं, असा खुलासा केला. सूर्य कन्येसमोर 45 दिवस असतो, वृश्चिकासमोर जेमतेम 7. बॅबिलोनियनांनी मात्र सगळ्यांना सारखा वाटा दिला.

खुलाशात गैरसमजाला थेट उत्तर होतं आणि मूळ मजकूर ताडून पाहता येत होता. तरी 2020 च्या जुलैमध्ये तीच आवई पुन्हा उठली. नासाने पुन्हा तेच सांगितलं, किंचित मिश्कीलपणे.