व्यस्तक्षम आव्यूह प्रमेय

व्यस्तक्षम आव्यूह प्रमेय हे रेषीय बीजगणितातील एक मूलभूत प्रमेय आहे. दिलेल्या चौरस आव्यूहाला (मॅट्रिक्सला) व्यस्त आव्यूह असणे आणि इतर अनेक अटी पूर्ण होणे या गोष्टी परस्परांशी सममूल्य आहेत, असे हे प्रमेय सांगते. यांपैकी कोणतीही एक अट सिद्ध झाली की उरलेल्या सर्व आपोआप सिद्ध होतात, आणि कोणतीही एक अट खोटी ठरली की सर्वच खोट्या ठरतात. म्हणून विचारलेली अट थेट न तपासता यादीतील सर्वांत सोपी अट तपासून उत्तर काढता येते. परीक्षेतील प्रश्न सोडवताना या प्रमेयाचा मुख्य उपयोग हाच आहे. डेव्हिड ले यांच्या रेषीय बीजगणितावरील पाठ्यपुस्तकात हे प्रमेय बारा सममूल्य विधानांच्या यादीच्या रूपात दिले आहे.

## विधान

A हा n ओळी व n स्तंभ असलेला, वास्तव संख्यांचा चौरस आव्यूह आहे असे मानू. मग पुढील अटी परस्परांशी सममूल्य असतात.

१. A व्यस्तक्षम आहे; म्हणजे AB = BA = I होईल असा आव्यूह B अस्तित्वात आहे.
२. ओळींवरील प्राथमिक क्रियांनी A चे रूपांतर एकक आव्यूह I मध्ये करता येते.
३. A च्या पायरी रूपात n पिव्होट असतात; म्हणजेच A ची रँक n आहे.
४. Ax = 0 या समीकरणाची x = 0 ही एकमेव उकल आहे.
५. A चे स्तंभ रेषीयदृष्ट्या स्वतंत्र आहेत.
६. प्रत्येक सदिश b साठी Ax = b या समीकरणाला किमान एक उकल आहे.
७. BA = I होईल असा चौरस आव्यूह B आहे. (AB = I होईल असा B आहे, ही अटही चालते.)
८. A चा निश्चयक शून्य नाही. Det A ≠ 0.
९. शून्य हे A चे आयगेनमूल्य नाही.
१०. ओळी व स्तंभ यांची अदलाबदल करून मिळणारा आव्यूह Aᵀ व्यस्तक्षम आहे.

अट १० मुळे स्तंभांविषयीची प्रत्येक अट ओळींनाही लागू पडते.

## अटी सममूल्य का आहेत

या सर्व अटींच्या मुळाशी पिव्होटांची मोजणी आहे. ओळींवरील क्रियांनी आव्यूह पायरी रूपात आणल्यावर प्रत्येक शून्येतर ओळीतील पहिल्या शून्येतर पदाला पिव्होट म्हणतात. एका ओळीत जास्तीत जास्त एक पिव्होट असतो आणि एका स्तंभातही जास्तीत जास्त एकच असतो. आव्यूह चौरस असल्यास ओळी व स्तंभ सारखेच असतात. त्यामुळे प्रत्येक स्तंभात पिव्होट असणे आणि प्रत्येक ओळीत पिव्होट असणे या दोन्हींचा अर्थ एकच होतो: एकूण पिव्होट n आहेत.

समजा, एखाद्या स्तंभात पिव्होट नाही. तर त्या स्तंभाशी संबंधित चलाला कोणतीही किंमत देता येते आणि Ax = 0 ला शून्याखेरीज इतर उकली मिळतात. म्हणून अट ४ ही प्रत्येक स्तंभात पिव्होट असण्याशी सममूल्य आहे. Ax हा A च्या स्तंभांचाच रेषीय संयोग असल्यामुळे अट ५ म्हणजे अट ४ चेच वेगळ्या शब्दांतील रूप होय.

आता समजा, एखाद्या ओळीत पिव्होट नाही. मग पायरी रूपाच्या तळाशी पूर्ण शून्यांची ओळ येते. तिच्यासमोर 0 = 1 असे विसंगत समीकरण उभे राहील असा b निवडता येतो आणि त्या b साठी उकल मिळत नाही. म्हणून अट ६ ही प्रत्येक ओळीत पिव्होट असण्याशी सममूल्य आहे. चौरस आव्यूहात या दोन्ही बाजू एकत्र येतात. उकल एकाहून अधिक नसणे आणि उकल नेहमी असणे हे एरवी दोन वेगळे प्रश्न असतात. येथे त्यांचे उत्तर एकच असते.

n पिव्होट असल्यास ओळींवरील आणखी काही क्रियांनी आव्यूह I पर्यंत नेता येतो. प्रत्येक क्रिया म्हणजे एका व्यस्तक्षम आव्यूहाने डावीकडून केलेला गुणाकार असतो. या सर्वांचा गुणाकार E मानल्यास EA = I मिळते. E व्यस्तक्षम असल्यामुळे A = E⁻¹ होतो आणि अट १ पूर्ण होते.

## परीक्षेतील उपयोग: एक उदाहरण

पुढील आव्यूहात k ही अज्ञात वास्तव संख्या आहे.

```
    | 1  2  3 |
A = | 2  5  7 |
    | 1  3  k |
```

या आव्यूहाविषयी तीन प्रश्न विचारले आहेत असे समजा. k च्या कोणत्या किमतीसाठी Ax = 0 ला शून्येतर उकल आहे? कोणत्या किमतीसाठी शून्य हे A चे आयगेनमूल्य आहे? कोणत्या किमतींसाठी A चे स्तंभ स्वतंत्र आहेत? प्रमेय ठाऊक नसलेला विद्यार्थी हे तीन प्रश्न तीन वेगळ्या रीतींनी सोडवू लागेल. आयगेनमूल्यासाठी तर तो घन समीकरणही मांडेल. प्रत्यक्षात तिन्ही मिळून प्रश्न एकच आहे: A व्यस्तक्षम केव्हा असतो?

दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीची दुप्पट वजा करावी, तिसरीतून पहिली ओळ वजा करावी आणि शेवटी नव्या तिसरीतून नवी दुसरी ओळ वजा करावी. मग पुढील पायरी रूप मिळते.

```
| 1  2   3   |
| 0  1   1   |
| 0  0  k-4  |
```

k = 4 नसेल तर तीन पिव्होट मिळतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर k = 4 आणि तिसऱ्याचे k ≠ 4 असे आहे. याहूनही जलद मार्ग स्तंभांकडे पाहून सापडतो. पहिल्या दोन स्तंभांची बेरीज (3, 7, 4) आहे. k = 4 असताना तिसरा स्तंभ नेमका हाच असतो; म्हणजे स्तंभ परावलंबी होतात आणि (1, 1, −1) ही Ax = 0 ची शून्येतर उकल ठरते. मात्र या निरीक्षणावरून k = 4 असताना A व्यस्तक्षम नाही एवढेच कळते. इतर कोणत्याही किमतीला तो व्यस्तक्षम आहे, हे पायरी रूपावरून किंवा det A = k − 4 यावरून दाखवावे लागते.

याच आव्यूहाविषयी चौथा प्रश्न विचारता येतो: k = 4 असताना Ax = b ला उकल आहे काय? येथे प्रमेय पूर्ण उत्तर देत नाही. अट ६ खोटी आहे, एवढ्यावरून कोणत्या तरी b साठी उकल नाही इतकेच समजते. k = 4 असताना तिसरी ओळ ही दुसरी वजा पहिली अशी असते. म्हणून b च्या घटकांतही तोच संबंध असेल तरच उकल मिळते. b = (0, 0, 1) हा संबंध पाळत नाही, म्हणून त्याला उकल नाही. b = (1, 2, 1) हा संबंध पाळतो; तो A चा पहिला स्तंभच असल्याने x = (1, 0, 0) ही एक उकल लगेच दिसते. तिच्यात (1, 1, −1) ची कोणतीही पट मिळवली तरी उकलच मिळते, म्हणून येथे उकली अनंत आहेत. चौरस पण व्यस्तक्षम नसलेल्या आव्यूहासाठी उकल एकही नसते किंवा अनंत असतात. नेमकी एक उकल कधीच नसते.

## आव्यूह न मांडता निष्कर्ष

काही प्रश्नांत आव्यूहाची पदे दिलेली नसतात, फक्त त्याचा एखादा गुणधर्म दिलेला असतो. अशा वेळी दिलेली माहिती यादीतील कोणत्या अटीत बसते हे पाहावे.

प्रत्येक ओळीतील पदांची बेरीज शून्य असेल, तर सर्व घटक 1 असलेला सदिश Ax = 0 ची उकल ठरतो. अट ४ खोटी झाल्यामुळे A व्यस्तक्षम नसतो. याचे उलट विधान मात्र खरे नाही. ज्याची सर्व नऊ पदे 1 आहेत अशा 3 × 3 आव्यूहात प्रत्येक ओळीची बेरीज 3 आहे, तरीही तो व्यस्तक्षम नाही.

A² + A = I असे दिले असल्यास A(A + I) = I असे लिहिता येते. अट ७ नुसार एका बाजूचा व्यस्त पुरेसा असल्यामुळे A व्यस्तक्षम आहे आणि A⁻¹ = A + I आहे. येथे निश्चयक काढण्याचे कारणच उरत नाही.

## मर्यादा आणि नेहमीच्या चुका

प्रमेय केवळ चौरस आव्यूहांना लागू पडते. पुढील दोन आव्यूह पाहा.

```
C = | 1  0  0 |      D = | 1  0 |
    | 0  1  0 |          | 0  1 |
                         | 0  0 |
```

येथे CD हा 2 × 2 एकक आव्यूह आहे, पण DC हा 3 × 3 एकक आव्यूह नाही. त्याच्या तिसऱ्या ओळीत सर्व शून्ये येतात. C च्या प्रत्येक ओळीत पिव्होट आहे, म्हणून Cx = b ला नेहमी उकल असते. परंतु तिसऱ्या स्तंभात पिव्होट नसल्याने Cx = 0 ला शून्येतर उकलीही असतात. म्हणजे अट ६ खरी, तर अट ४ खोटी. म्हणून प्रश्न वाचताना आव्यूह चौरस आहे याची प्रथम खात्री करून घ्यावी लागते.

दुसरी चूक अट ६ मधील ‘प्रत्येक’ हा शब्द गाळल्याने होते. वरील उदाहरणातील b = (1, 2, 1) प्रमाणे एखाद्या b साठी उकल मिळाली, यावरून A व्यस्तक्षम ठरत नाही. मात्र चौरस A साठी एखाद्या b ला नेमकी एकच उकल असेल, तर A व्यस्तक्षम ठरतो. कारण Ax = 0 ला शून्येतर उकल असती, तर ती त्या उकलीत मिळवून दुसरी उकल मिळाली असती.

तिसरी चूक म्हणजे यादीत नसलेला गुणधर्म यादीत आहे असे समजणे. विकर्ण रूपात आणता येणे हा असाच गुणधर्म आहे. शून्य आव्यूह मुळातच विकर्ण रूपात आहे, पण व्यस्तक्षम नाही. उलट ज्याच्या ओळी (1, 1) आणि (0, 1) आहेत तो आव्यूह व्यस्तक्षम आहे, कारण त्याचा निश्चयक 1 आहे. परंतु तो विकर्ण रूपात आणता येत नाही. शून्य हे आयगेनमूल्य आहे की नाही एवढेच अट ९ विचारते. स्वतंत्र आयगेनसदिश किती आहेत, या प्रश्नाचा व्यस्तक्षमतेशी संबंध नाही.